नदी उलटी वाहतीया

खानापूरच्या भूगोलाच्या सरांनी फळ्यावर काय कुठं काढायचं ह्याच्या वह्या नोकरीभर जपून ठेवल्या होत्या, आता ऑनलाइन क्लाससाठी त्याच्या स्लाइड करायला नातीला घेऊन बसले. पहिले धडे भराभर झाले, नुसतं टायपिंग. अडलं ते कणकुंबीच्या नकाशाला.

"आजोबा, फोटो काढून टाकूया की."

"अगं, सगळी नदी एकदम दिसली तर पोरं बघणार काय? मी निळा खडू कणकुंबीवर टेकवायचो आणि बोलत बोलत मलप्रभा पूर्वेला कृष्णेपर्यंत न्यायचो, मागची बाकंसुद्धा गप व्हायची."

मग नातीनं नदीची रेघ वेगळी काढून तिला Wipe लावलं, From Left. रेघ हळूहळू सरकायला लागली तसे सर खुर्चीत पुढं सरकले. (खडूची धूळ नाही तरी हात झटकत होते, सवय!) म्हादईलापण तेच लावलं, तर ती गोव्याकडनं वर डोंगरात चढायला लागली.

"थांब थांब, समुद्राचं पाणी घाटात चढवालीस होय गं!"

"From Right करते की, ओरडताय कशाला."

"कर. आणि जरा सावकाश सोड, तेवढ्यात मला पाणलोट सांगायचाय."