मराठी माध्यमात शिकलात, आता मुलाखतीत इंग्रजीतून बोला

कोकणातील नोकरी शोधणाऱ्या तरुण-तरुणींसाठी बारा आठवड्यांचा ऑनलाइन इंग्रजी संभाषण वर्ग

रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगडच्या गावांतून पदवी, पदविका किंवा आयटीआय पूर्ण करून बाहेर पडणाऱ्या अनेकांना इंग्रजी वाचता येते आणि अर्जही नीट भरता येतो. मात्र मुलाखतीत ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’ असे विचारले की ठाऊक असलेले उत्तरही ओठांवर येत नाही. शाळा-महाविद्यालयात इंग्रजीचा पेपर लिहिला, पण इंग्रजीतून बोलावे लागेल असा प्रसंग क्वचितच आला, हे त्यामागचे खरे कारण आहे. असा प्रसंग रोज यावा, यासाठी हा वर्ग आहे.

तुम्ही बोलाल, शिक्षक ऐकतील

एका तुकडीत आठच विद्यार्थी असतात. तासाचा बहुतांश वेळ जोडीजोडीने संभाषणात जातो आणि शिक्षक प्रत्येक जोडीचे बोलणे ऐकून दुरुस्ती सुचवतात. व्याकरणाचे पुस्तक पहिल्या पानापासून पुन्हा शिकवण्याऐवजी बोलताना जी चूक होते तेवढाच नियम आम्ही हाती घेतो. ‘आय ॲम बिलाँग टू चिपळूण’ किंवा ‘आय डिड नॉट वेंट’ अशी वाक्ये मराठी माध्यमातील हुशार मुलांच्याही तोंडी असतात. ‘आय ॲम फ्रॉम चिपळूण’ आणि ‘आय डिड नॉट गो’ ही रूपे केवळ समजून पुरत नाहीत, ती न अडखळता येईपर्यंत वेगवेगळ्या प्रसंगांत म्हणून घ्यावी लागतात आणि आम्ही ती म्हणून घेतो.

फोनवरील मुलाखतीचा सराव आम्ही विशेष कसून घेतो. समोरची व्यक्ती दिसत नसल्यामुळे तेथे अनेकांचा धीर सुटतो. आपले आडनाव ‘कांदळगावकर’ असेल तर ते एकेक अक्षर सुटे करून सांगणे, ई-मेलचा पत्ता न चुकता उच्चारणे, प्रश्न कळला नाही तर ‘कुड यू प्लीज रिपीट दॅट?’ असे संकोच न बाळगता विचारणे, पगाराची अपेक्षा आणि रुजू होण्याची तारीख स्पष्ट सांगणे या गोष्टी लहान दिसतात, पण बोलणे पुढे सरकते ते त्यांच्यामुळेच.

शेवटचे चार आठवडे तुमच्या कामाच्या क्षेत्रासाठी राखलेले आहेत. लोटे-परशुरामच्या रासायनिक कारखान्यांत अर्ज करणारा विद्यार्थी पाळी बदलताना पुढच्या सहकाऱ्याला यंत्राची स्थिती कशी सांगायची याचा सराव करतो. मालवण, तारकर्ली किंवा गोव्याच्या हॉटेलांत काम शोधणारी विद्यार्थिनी खोलीतील एसी बंद असल्याची पाहुण्याची तक्रार ऐकून घेऊन उत्तर देते. मुंबई-पुण्यातील कार्यालयांत जाऊ पाहणारे ग्राहकाच्या फोनला उत्तर देतात.

उच्चार परदेशी वाटावेत असा आमचा आग्रह नाही. बोलण्याला मराठी वळण राहिले म्हणून कमीपणा मानण्याचे काहीही कारण नाही. शब्द स्पष्ट ऐकू यावा, शब्दाच्या योग्य भागावर जोर पडावा आणि वाक्य पूर्ण व्हावे, एवढी काळजी आम्ही घेतो.

वेळ, शुल्क आणि नेटवर्क

नवीन तुकडी दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी सुरू होईल. सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेसहा किंवा रात्री आठ, यांपैकी सोयीची वेळ निवडता येते. दिवसा दुकानात, बागेत किंवा नोकरीवर असणाऱ्यांना जमावे म्हणून या वेळा ठेवल्या आहेत. शनिवारी सराव-मुलाखत होते. तिचे ध्वनिमुद्रण तुम्हाला मिळते आणि सुधारणेच्या सूचनाही लेखी दिल्या जातात.

संपूर्ण वर्गाचे शुल्क ३,६०० रुपये असून ते दरमहा १,२०० रुपयांच्या तीन हप्त्यांत भरता येते. पहिल्या आठवड्यात वर्ग योग्य वाटला नाही, तर भरलेली रक्कम पूर्ण परत केली जाते.

डोंगराआडच्या वाडीत नेटवर्क कमकुवत असते आणि वादळी पावसात वीजही जाते, हे आम्हाला ठाऊक आहे. त्यामुळे साध्या स्मार्टफोनवर, व्हिडिओ बंद ठेवून केवळ आवाजावरही वर्गात भाग घेता येतो. तास बुडाल्यास त्याच आठवड्यात दुसऱ्या वेळेच्या तुकडीत बसता येते.

प्रवेशापूर्वी एक स्पष्ट गोष्ट

नोकरी मिळवून देण्याचे आश्वासन आम्ही देत नाही. निवड तुमच्या शिक्षणावर, कौशल्यावर आणि उपलब्ध जागांवरही अवलंबून असते. रोजचा तास आणि त्याखेरीज घरी वीस मिनिटांचा मोठ्याने बोलण्याचा सराव ज्यांना शक्य आहे, त्यांनीच नाव नोंदवावे. दहावी उत्तीर्ण आणि सोपे इंग्रजी वाचता येणे एवढीच पात्रता आहे. वयाची अट नाही, आणि लग्न वा मुलांमुळे नोकरी सोडलेल्या महिलांचेही मनापासून स्वागत आहे.

खालील बटण दाबून नाव, तालुका आणि सोयीची वेळ भरा. शिक्षक दोन दिवसांत फोन करून तुमच्याशी दहा मिनिटे आधी मराठीत आणि मग इंग्रजीत बोलतील व योग्य तुकडी सुचवतील. या संभाषणासाठी शुल्क नाही.

विनामूल्य संभाषणासाठी नाव नोंदवा