लग्नात जेवणाची ठरलेली सेवा न दिल्याबद्दल आगाऊ रक्कम व खर्चाच्या परताव्याची मागणी

(स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह)

खारकर आळी, ठाणे (पश्चिम)
दिनांक : १५ डिसेंबर २०२५

प्रति,
मालक, केटरिंग सेवा,
चरई, ठाणे (पश्चिम)

विषय : ७ डिसेंबर २०२५ रोजीच्या विवाहसमारंभात दुपारचे जेवण न पुरवल्याबद्दल ₹१,८२,२५० परत मिळणेबाबत

महोदय,

माझ्या मुलीच्या विवाहासाठी आपण २४ ऑगस्ट २०२५ रोजी सही करून दिलेल्या अंदाजपत्रकानुसार सकाळी १५० जणांचा नाश्ता, दर ₹१२०, आणि दुपारी ४०० पानांची पंगत, दर ₹६५०, वाढप्यांसह, असे एकूण ₹२,७८,००० चे काम आपण स्वीकारले होते. त्यापैकी ₹५०,००० त्याच दिवशी धनादेशाने आणि ₹९०,००० दिनांक २० नोव्हेंबर रोजी बँकेतून, असे ₹१,४०,००० मी आपणास दिले. दोन्हींच्या पावत्या माझ्याकडे आहेत.

कार्याच्या दिवशी नाश्ता तासभर उशिरा आला आणि त्यात ठरलेला शिरा नव्हता. तेवढ्यावर भागले असते तर हे पत्र लिहिलेच नसते. मुहूर्त १२.२५ चा होता आणि पहिली पंगत एक वाजता बसायची होती. परंतु पावणेअकरापर्यंत कार्यालयात आपला आचारी, वाढपी किंवा भांड्यांचा टेम्पो यांपैकी काहीही पोहोचले नव्हते. आपल्या व्यवस्थापकांनी टेम्पो घोडबंदर रस्त्यावर अडकल्याचे फोनवर सांगितले. घोडबंदरची कोंडी ठाणेकरांना नवी नाही, हे खरे. पण आपला भटारखाना चरईत आणि कार्यालय खारकर आळीत असताना त्या टेम्पोला घोडबंदरला जाण्याचे कारण काय, हे मला आजही कळलेले नाही. साडेबारानंतर आपला फोन बंद झाला. त्याच दिवशी आपली माणसे कल्याणच्या एका कार्यात गुंतली होती, असे आपल्याच व्यवस्थापकांनी दुसऱ्या दिवशी माझ्या भावाजवळ कबूल केले.

मंगलाष्टका चालू असताना माझे भाऊ आणि मुलीचे मामा गोखले रोड व जांभळी नाका परिसरातील हॉटेले पालथी घालत होते. अडीचनंतर जेमतेम २६० जणांच्या पुरी-भाजी, मसालेभात आणि जिलेबीची सोय झाली. उरलेले पाहुणे, ज्यांत वरपक्षाकडील वयस्कर मंडळीही होती, न जेवता गेले. व्याह्यांनी समजूतदारपणा दाखवला, म्हणून प्रसंग निभावला.

१० डिसेंबरच्या आपल्या व्हॉट्सअ‍ॅप संदेशात ‘आगाऊ रक्कम परत मिळत नाही, पावतीमागे छापले आहे’ असे आपण कळवले आहे. पावतीमागील ती अट ‘ग्राहकाने बुकिंग रद्द केल्यास’ अशी आहे. मी बुकिंग रद्द केलेले नाही. काम आपण केलेले नाही. त्यामुळे ती अट येथे लागू होत नाही. पुढील कार्यात सवलत देण्याचा आपला प्रस्तावही मला मान्य नाही. आमच्या घरात आता दुसरे लग्न नाही.

माझी मागणी मी मुद्दाम मोजून मांडत आहे. नाश्ता उशिरा व अपुरा असला तरी त्याचे पूर्ण ₹१८,००० मी वजा करतो. म्हणजे आगाऊ रकमेपैकी ₹१,२२,००० परत हवेत. बाहेरून आणलेल्या जेवणाचा सगळा खर्च मी आपल्याकडे मागत नाही, कारण जेवणाचे पैसे मला तसेही द्यावेच लागणार होते. परंतु ऐनवेळी माणशी ₹७८० मोजावे लागल्याने ठरलेल्या दरापेक्षा जादा गेलेले प्रत्येकी ₹१३०, म्हणजे २६० जणांचे ₹३३,८००, आपणच सोसले पाहिजेत. त्याखेरीज जेवणे लांबल्याने कार्यालयाला द्यावे लागलेले दोन जादा तासांचे ₹१५,००० आणि पत्रावळी, द्रोण, पाणी व वाहतूक यांचे ₹११,४५० धरून एकूण ₹१,८२,२५० होतात. करारभंगातून स्वाभाविकपणे होणाऱ्या नुकसानीची भरपाई भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७३ खाली मिळते, आणि ठरलेली सेवा न देणे ही ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम २(११) नुसार सेवेतील त्रुटी आहे.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांच्या आत वरील रक्कम, ज्या खात्यातून मी आपणास ₹९०,००० पाठवले त्याच खात्यात जमा करावी. तसे न झाल्यास मी याच अधिनियमाच्या कलम ३५ खाली ठाणे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे तक्रार दाखल करीन, आणि त्या वेळी व्याज, तक्रारीचा खर्च व कुटुंबाला झालेल्या मनस्तापाची भरपाई, जी या पत्रात मी मागितलेली नाही, तीही मागीन. हप्त्यांविषयी काही बोलायचे असल्यास ते याच मुदतीत आणि लेखी कळवावे. फोनवरील आश्वासने यापुढे मी धरणार नाही.

सोबत अंदाजपत्रक, दोन्ही पावत्या, हॉटेलांची व कार्यालयाची बिले आणि आपल्या संदेशाची छापील प्रत जोडली आहे. मूळ कागद माझ्याकडे आहेत.

आपला,
(सही)
वधूचे वडील व अंदाजपत्रकावर सही करणारे ग्राहक