चि. सौ. कां. मृण्मयीच्या लग्नाचं आग्रहाचं आमंत्रण

॥ श्री गणेशाय नमः ॥
॥ श्री व्याडेश्वर प्रसन्न ॥

गुहागर, गुढीपाडवा, शके १९४८
(१९ मार्च २०२६)

बडोदा, इंदूर, ग्वाल्हेर, जबलपूर, बेळगाव आणि समुद्रापलीकडच्या आपल्या सर्व खरे मंडळींना व लेकी-जावयांना सप्रेम नमस्कार.

आमची मुलगी चि. सौ. कां. मृण्मयी हिचा विवाह कराडचे श्री. विलास व सौ. मंगल पाटणकर यांचे चिरंजीव निखिल यांच्याशी ठरला आहे.

विवाहमुहूर्त : रविवार, वैशाख शुद्ध दशमी, २६ एप्रिल २०२६, सकाळी ११ वाजून १७ मिनिटे
विवाहस्थळ : आपल्या घरचं अंगण, वरचा पाट, गुहागर, जि. रत्नागिरी

पहिली अक्षत आज सकाळी व्याडेश्वराला ठेवली. घरी आल्यावर अप्पांची पत्त्यांची वही काढली. अप्पा होते तोपर्यंत घरातल्या प्रत्येक कार्याचं आमंत्रण ते या वहीतून एकेक पत्ता काढून स्वतःच्या हाताने लिहायचे. काही पत्ते तीनदा खोडून पुन्हा लिहिलेत, कारण घरं बदलली आणि गावं बदलली. नावं मात्र त्यांनी एकही गाळलं नव्हतं. आम्हीही गाळलेलं नाही. तुमच्यापैकी काहींना आम्ही पंचवीस वर्षांत भेटलो नाही, काहींच्या मुलांना तर पाहिलेलंही नाही. तरीही हे आमंत्रण फक्त कळवण्यापुरतं नाही. मृण्मयीच्या डोक्यावर तुमच्या घरच्या अक्षता पडायला हव्यात, असं आम्हाला मनापासून वाटतं.

ज्यांना प्रत्यक्ष येणं शक्य आहे त्यांनी जरूर यावं. जवळचं रेल्वे स्टेशन चिपळूण. तिथून गुहागर साधारण ४५ किलोमीटर आहे आणि घ्यायला गाडी पाठवू. राहायची सोय आपल्या आणि शेजारच्या घरांत केली आहे. फक्त १० एप्रिलपर्यंत तेवढं कळवा, म्हणजे अंथरुणा-पांघरुणांचा अंदाज येईल. पण एप्रिलअखेरचं कोकणातलं ऊन, लांबचा प्रवास आणि वय, हे सगळं आम्ही जाणून आहोत. वडीलधाऱ्यांनी जिवाला त्रास करून यावं असं अजिबात नाही. न येणाऱ्यांबद्दल मनात काहीही येणार नाही.

त्यांच्यासाठी लग्न घरबसल्या पाहण्याची सोय केली आहे. लिंक ही :

https://www.youtube.com/@MrunmayeeNikhilLagna2026/live

दोन्ही दिवसांना हीच एक लिंक. मोबाइलवर नुसतं बोट लावलं की उघडेल. मोठ्या टीव्हीवर पाहायचं असेल तर यूट्यूबच्या शोधखिडकीत MrunmayeeNikhilLagna2026 एवढं टाइप करा. आदल्या शुक्रवारी, २४ एप्रिलला संध्याकाळी ६ वाजता आमचा ओंकार दहा मिनिटं चाचणी घेणार आहे. आजी-आजोबांचा टीव्ही नातवंडांनी तेव्हाच लावून पाहिला तर मुहूर्ताला धावपळ होणार नाही.

शनिवार, २५ एप्रिल
सकाळी ९ : ग्रहमख व देवक
दुपारी ४ : हळद
संध्याकाळी ७ : सीमांतपूजन (वऱ्हाड कुंभार्ली घाटातून येणार, त्यामुळे थोडं मागेपुढे होऊ शकेल)

रविवार, २६ एप्रिल
सकाळी ९.३० : गौरीहर पूजन
सकाळी ११ : मंगलाष्टकं
सकाळी ११.१७ : मुहूर्त
त्यानंतर दीड वाजेपर्यंत : कन्यादान, लाजाहोम, सप्तपदी

शनिवारचं फक्त सीमांतपूजन दिसेल. रविवारी सव्वानऊपासून सप्तपदीपर्यंत सगळं सलग दाखवू. पाठवणी दाखवणार नाही. तेवढी घरातच राहू दे.

परदेशातल्या मंडळींसाठी मुहूर्ताची वेळ तिथल्या घड्याळाने देत आहोत. दुबईत सकाळी ९.४७, लंडनला सकाळी ६.४७, मेलबर्नला दुपारी ३.४७. न्यू जर्सीला रात्रीचे १.४७ असतील, म्हणजे शनिवारची रात्र जागून रविवार उजाडताना. कॅलिफोर्नियात मात्र अजून शनिवार, २५ एप्रिलच असेल, रात्री १०.४७. हा वाराचा घोळ लक्षात ठेवा. रविवारी रात्री लिंक उघडलीत तर लग्न कधीच लागून गेलेलं असेल.

अक्षतांबद्दल थोडं सविस्तर सांगायचं आहे. भारतातल्या पत्त्यांवर कुंकवाच्या अक्षतांची पाकिटं पुढच्या आठवड्यात टपालाने निघतील. परदेशात तांदूळ पाठवणं अडचणीचं, म्हणून तिकडच्यांनी घरातलेच तांदूळ घेऊन त्यांना कुंकू लावावं. प्रक्षेपण प्रत्यक्षापेक्षा काही सेकंद, कधी अर्धा मिनिट, मागे असतं. तेव्हा अक्षता घड्याळ पाहून टाकू नका. मंगलाष्टकं संपून आंतरपाट दूर होताना पडद्यावर दिसेल, तोच तुमचा मुहूर्त. देवासमोर ताम्हन ठेवून त्यात अक्षता वाहा. त्या मृण्मयी-निखिलला पोचल्या असं आम्ही समजू.

इंदूरच्या शकूआत्यांचं वय आता ८४. आमच्या लग्नात आंतरपाटामागे उभं राहून त्यांनी मंगलाष्टक म्हटलं होतं. लेकीच्या लग्नातही त्यांचा आवाज हवाच. फोनवरून थेट म्हणायला लावलं असतं, पण मध्ये आवाज तुटला तर त्यांनाच वाईट वाटेल. म्हणून त्यांच्या नातीने घरी ध्वनिमुद्रण करून पाठवलं आहे. दुसरं मंगलाष्टक त्यांचं असेल. तेव्हा पाहणाऱ्यांनी कृपया आवाज मोठा ठेवावा.

गावात वीज आणि इंटरनेट कधीकधी दगा देतं. जनरेटर आणि दोन वेगवेगळ्या कंपन्यांची जोडणी ठेवली आहे. तरी चित्र थांबलंच तर लिंक बंद करून पाच मिनिटांनी पुन्हा उघडा. पाहताना खाली आपलं नाव आणि गाव जरूर लिहा. जेवणाच्या पंगती बसण्याआधी ओंकार ती सगळी नावं मांडवात मोठ्याने वाचून दाखवणार आहे. अप्पांच्या वहीतली नावं त्यांच्याच अंगणात ऐकू यावीत, एवढी आमची इच्छा आहे.

आता एक नम्र विनंती. कृपया कोणीही आहेर आणू नये, पाठवू नये. वस्तू नको, पाकीट नको, आणि मोबाइलवरून पैसेही नकोत. कोणी पाठवलेच तर आम्हाला ते परत करावे लागतील आणि त्याचं आम्हालाच वाईट वाटेल. हा निर्णय मृण्मयी-निखिलचा आहे आणि दोन्ही घरांना तो मान्य आहे. आहेराचा हिशेब आणि त्याची परतफेड या ओझ्यापायी लांबच्या नात्यांत येणं-जाणं कमी होतं, हे आपण सगळ्यांनीच पाहिलं आहे. लहानमोठा आहेर आमच्यापुढे आला नाही म्हणून तुमच्या मायेत उणं येत नाही. आमच्याकडूनही मानपान, साड्या-टोप्या असं काही नसेल, तेही समजून घ्यावं.

तरीही काही द्यावंसं वाटलंच, तर आपल्या शाखेची माहिती एका कागदावर लिहून पाठवा : आजोबा-पणजोबांचं नाव, गुहागर कधी सोडलं, आता घरात कोण कोण आहे. एखादा जुना फोटो असेल तर त्याचा मोबाइलवर काढलेला फोटोही चालेल. मृण्मयी आपली वंशावळ पुरी करते आहे आणि बडोद्याच्या शाखेत तिची गाडी अडली आहे. हाही आग्रह नाही.

हा निरोप ज्या नंबरवरून आला त्यावरच येण्याचं, माहितीचं किंवा लिंकच्या अडचणीचं कळवावं. आपल्या घरच्या ज्या मंडळींपर्यंत आमचा निरोप पोचला नसेल, त्यांना तुम्ही आमच्या वतीने आमंत्रण द्यावं. कोणाचं नाव नजरचुकीने राहिलं असेल तर क्षमा असावी.

आपले नम्र,
सतीश व सौ. अनुराधा खरे
श्रीमती कमल खरे (आजी)

ताईच्या लग्नाला यायचं हं! येणं नाही जमलं तर सव्वानऊला टीव्हीसमोर!
– ओंकार