आठ इंची मेमरी फोमची गादी: ग्वाल्हेरची थंडी, लू आणि पावसाळा काढल्यानंतर

गादी दिवाळीच्या आधी घेतली, आता श्रावण चालू आहे. मधल्या काळात तिने ग्वाल्हेरचे तिन्ही ऋतू पाहिले, म्हणून आत्ता लिहिते आहे. महिनाभर वापरून पाच तारे दिलेले अभिप्राय मीही वाचले होते. मेमरी फोमच्या बाबतीत एका महिन्याच्या अनुभवाला फारसा अर्थ नसतो, निदान आपल्या हवेत तरी नाही.

आधी माल काय आहे ते सांगते. किंग साइज, ७२ बाय ७८ इंच, जाडी ८ इंच. वरचे २ इंच मेमरी फोम, खालचे ६ इंच एचआर फोम, म्हणजे दाबून सोडला की लगेच मूळ आकारात येणारा. वरचं कव्हर विणलेल्या कापडाचं, चेन असलेलं. सेलमध्ये साडेसतरा हजारांना पडली, दोन उशा सोबत फुकट. सासूबाईंच्या खोलीसाठी त्याच कंपनीची सिंगल गादीही घेतली होती. ती परत केली, त्याबद्दल पुढे.

गादी गुंडाळून, हवा काढून, लांबट खोक्यात येते. आमचं घर ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या वस्तीत, जिना अरुंद आणि वळणाचा. आणणारा मुलगा खालूनच म्हणाला, "आंटी, ऊपर नहीं चढ़ेगा." पण गुंडाळलेली असल्यामुळेच चढली. पूर्वीची कॉयरची गादी बाल्कनीतून दोरीने ओढून घ्यावी लागली होती. प्लास्टिक कापल्यावर तासाभरात ती बरीच फुगली, कोपरे मात्र दुसऱ्या दिवशी वर आले. रसायनाचा वास तीन-चार दिवस होता. खिडक्या उघड्या ठेवल्या, गेला.

आता आरामाबद्दल. मेमरी फोम तापमानाप्रमाणे बदलतो. थंडीत घट्ट होतो, उष्णतेने मऊ पडतो, आणि त्याचं 'अंगाचा आकार घेणं' त्याच गुणावर चालतं. आता आपल्या गावाचा विचार करा. जानेवारीत रात्री पारा पाचाच्या आसपास, आणि मे-जूनमध्ये दिवसा पंचेचाळीसच्या पुढे. त्यातून आमची खोली वरच्या मजल्यावर, छत दगडी पटियांचं. दिवसभर तापलेला दगड रात्री एकपर्यंत उष्णता सोडत राहतो.

डिसेंबर-जानेवारीत आडवं झालं की गादी पाटासारखी लागायची. दहा-पंधरा मिनिटांत अंगाची ऊब लागली की खांदा आणि कंबर हळूहळू आत बसायची, आणि मग झोप फार छान लागायची. रजईखाली ही गादी खरोखर सुखाची आहे. आमचे हे पहाटे चारला उठतात. आधीच्या स्प्रिंगच्या गादीवर ते उठले की मी उठायचे. या गादीवर त्यांच्या बाजूची हालचाल माझ्याकडे पोचतच नाही. नवरा-बायकोच्या उठण्याच्या वेळा वेगळ्या असतील तर केवळ एवढ्यासाठीही ती घेण्यासारखी आहे.

एप्रिलच्या शेवटी चित्र पालटलं. फोम मऊ पडला, शरीर जास्त खोल जायला लागलं, आणि जेवढं खोल जावं तेवढी पाठीखालची हवा बंद. जाहिरातीत 'कूलिंग जेल' म्हटलं होतं. पहिली काही मिनिटं हाताला गार लागतं, पुढे काही नाही. कूलर चालू असेल तर निभतं. वीज गेली की अर्ध्या तासात पाठ भिजते. आम्ही शेवटी गादीवर कापसाची पातळ गादी घातली, दोन इंचांचीच, शेजारच्या गल्लीत कापूस पिंजून भरून घेतलेली. तिने घाम टिपला, आणि अंगाची ऊब फोमपर्यंत कमी पोचायला लागल्यामुळे खोल रुतणंही कमी झालं. मे-जून असाच काढला.

पाठीच्या बाबतीत मी जास्त काटेकोर आहे, कारण माझा कंबरेच्या एल-४ एल-५ या मणक्यांचा जुना त्रास आहे. 'ऑर्थोपेडिक' हा शब्द पाहून गादी घेऊ नका, तो कोणीही छापू शकतो. पाठीला कडक फळीच हवी, हा आपल्याकडचा पक्का समजही तितकासा खरा नाही. माझ्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी सांगितलं होतं, की २००३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात कंबरदुखीच्या ३१३ रुग्णांवरचा स्पेनमधला अभ्यास आला होता. त्यात कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांना जास्त आराम पडला. म्हणून आम्ही मध्यमच निवडली.

त्यांनीच शिकवलेली एक तपासणी सांगते. पाठीवर सरळ झोपा आणि कंबरेच्या खोलगट भागाखाली तळहात सरकवा. हात आरपार सहज गेला तर गादी तुमच्यासाठी कडक आहे. शिरायलाच जागा नसेल आणि बूड खाली गेलेलं वाटत असेल तर मऊ आहे. थोडा अडत अडत गेला तर ठीक. कुशीवर झोपणाऱ्यांनी दुसऱ्या कोणाला मागून बघायला सांगावं, मान ते माकडहाड एका रेषेत दिसलं पाहिजे. मी ही तपासणी डिसेंबरमध्ये केली तेव्हा हात अडत अडत जात होता, अगदी हवा तसा. मे महिन्यात त्याच गादीवर, त्याच जागी, हात शिरेना. बूड खाली गेलं होतं, कंबर वाकलेली. सकाळी उठल्यावर कंबरेतली ती ओळखीची कळ परत आली होती. कापसाची गादी वर घातल्यावर आठवडाभरात कमी झाली. आता पावसाळ्यात, हवा थोडी उतरल्यावर, पुन्हा ठीक आहे.

माझ्या मते ग्वाल्हेरमध्ये पाठीचा त्रास असलेल्याने वर जाड मेमरी फोम असलेली गादी घेऊच नये. दोन इंचही आमच्या खोलीला जास्त झाले. लेटेक्स किंवा नुसता चांगला एचआर फोम घ्यावा, ते तापमानाने इतके बदलत नाहीत. तळमजल्यावर किंवा एसीत झोपणाऱ्यांना कदाचित माझ्याइतका फरक जाणवणार नाही.

फोमची डेन्सिटी जरूर विचारा. विक्रेते '४० डेन्सिटी, म्हणजे कडक' असं सांगतात. डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं किलोमध्ये वजन. तिच्यावरून गादी किती टिकेल याचा अंदाज येतो, ती मऊ की कडक हे कळत नाही. आमच्या गादीचा खालचा फोम ३२ चा आहे.

झीज तपासायला मी नुसत्या नजरेवर विसंबत नाही. चादर काढून गादीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत दोरी ताणून धरायची आणि सर्वांत खोल जागी पट्टी उभी करून मोजायचं. माझ्या बाजूला कमरेच्या ठिकाणी जेमतेम अर्धा इंच खोल भरतं, यांच्या बाजूला त्याहून थोडं जास्त. वॉरंटी दहा वर्षांची आहे, पण कार्डावर लिहिलंय की अंगाचा भार नसताना एक इंचापेक्षा जास्त खड्डा दिसला तरच दावा चालेल. म्हणजे पाठीला त्रास व्हायला लागला तरी वॉरंटीच्या लेखी गादी धडधाकट असू शकते. महिन्या-दोन महिन्यांनी उशाची बाजू पायाकडे फिरवायची. ही गादी उलटी करून चालत नाही, फोम एकाच बाजूला आहे.

कव्हरवर पायांच्या बाजूला कापडाचे गोळे आलेत. चेन धड आहे. धुळीसाठी मात्र तयारी ठेवा. लूच्या दिवसांत खिडकी बंद असूनही शिवणीत पिवळसर धूळ बसते. आणि पावसाळ्यात गादी उचलून खाली बघाच. आमच्या पलंगाच्या फळ्यांत अंतर होतं, कंपनीला सपाट तळ हवा होता, म्हणून आम्ही वर प्लायवूड टाकलं. जुलैमध्ये गादी उभी केली तर प्लायवर पांढरी बुरशी, आणि गादीच्या तळाला तिचे हलके ठिपके. दिवसा कूलर, वरून पावसाची दमट हवा, आणि खाली वारा जायला वाट नाही. आता प्लायला ठिकठिकाणी भोकं पाडून घेतलीत आणि आठवड्यातून एकदा दुपारभर गादी भिंतीला उभी करतो. ओल, बुरशी आणि डाग वॉरंटीत येत नाहीत, तेव्हा पहिल्या दिवसापासून वॉटरप्रूफ प्रोटेक्टर घाला.

उशांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. उंच आहेत, पाठीवर झोपणाऱ्याची हनुवटी छातीकडे वळते. कुशीवर झोपणाऱ्या यांना आवडल्या, मी माझी जुनी सावरीची काढली.

आता परत करण्याचे नियम, कारण खरी गोम तिथेच आहे. '१०० रात्री वापरून पाहा' हे वाचून निश्चिंत वाटतं. शंभर रात्री म्हणजे तीन महिने आणि थोडे दिवस. दिवाळीच्या सेलमध्ये घेतलेल्या गादीच्या शंभर रात्री थंडीतच संपतात. उन्हाळ्यात तिचं काय होतं ते कळेपर्यंत परतीची मुदत गेलेली असते. आमचं तेच झालं. मेमरी फोमच घ्यायचा असेल तर फेब्रुवारीत घ्या, म्हणजे थंडीची अखेर आणि मे महिना, दोन्ही मुदतीत येतात.

सासूबाईंची गादी मात्र मुदतीतच परत केली. त्या ७६ वर्षांच्या, उठताना आधी कडेवर बसतात. फोमच्या गादीची कड बसल्यावर दबते, आणि त्या पुढे घसरायच्या. दोनदा मीच हात दिला. घरात वडीलधारी माणसं असतील तर गादीच्या कडेवर बसून उठून बघणं सर्वांत आधी करा, झोपून बघणं नंतर.

परतीचे नियम बारीक अक्षरात असे होते: मुदत खोकं उघडल्यापासून नव्हे, घरी पोचल्यापासून मोजणार. पहिले ३० दिवस अर्ज घेणारच नाहीत. गादीचे सगळ्या बाजूंनी फोटो पाठवायचे, डाग दिसला तर परत नाही. फुकट म्हणून आलेल्या उशांचे पैसे कापणार. उशा तर आम्ही परतही देऊ शकलो नाही, स्वच्छतेचं कारण सांगितलं.

अर्ज मंजूर झाला, पण न्यायला कोणी येईना. तारीख मिळायची आणि पुढे ढकलली जायची. शेवटी मी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल केला. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी लागते आणि महिन्याभरात निवारण करावं लागतं, हे त्यात लिहिलं आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करणार असल्याचंही कळवलं. दुसऱ्या दिवशी फोन आला, त्या आठवड्यात गादी गेली, पैसे त्याच खात्यात परत आले, उशांचे वजा होऊन. फोनवरची बोलणी कुठेच नोंदली जात नाहीत, तेव्हा सगळं मेलवर करा आणि गादी नेताना माणसाकडून पावती घ्या.

सासूबाईंना आता लाकडी पलंगावर चार इंची कॉयर आणि वर कापसाची गादी केली आहे. कड दबत नाही, त्या आपल्या आपण उठतात.

आमच्या गादीला पाचापैकी तीन तारे. थंडी आणि शांत झोपेसाठी चार दिले असते, उन्हाळ्यासाठी दोनच. एचआर फोमचा थर अजून चांगला आहे, म्हणून विकायचा विचार नाही. पुढच्या चैत्रात वर कापसाची गादी आधीच घालणार आहोत, आणि दोरी-पट्टीचं माप वॉरंटी कार्डाच्या मागे तारीख टाकून लिहीत राहणार आहे.