मांडवाआधी हजेरीपट पाहा: खानदेशातील बालविवाह आणि मुलींच्या शिक्षणाविषयी धोरण टिपण

प्रति: धुळे, नंदुरबार व जळगाव जिल्हा परिषदांच्या शिक्षण आणि महिला-बालकल्याण समित्या

लग्नाची खबर मिळून पथक मांडवात पोहोचतं, तोवर मुलीची शाळा सुटून कित्येक महिने झालेले असतात. म्हणून आमची मागणी एकच: बालविवाह प्रतिबंधाची सुरुवात हजेरीपटापासून करा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ नुसार राज्यातल्या २० ते २४ वयाच्या २१.९ टक्के स्त्रियांचं लग्न अठरा पूर्ण होण्याआधी झालं होतं.

गळती कुठे होते

अनेक गावांत शाळा सातवी-आठवीला संपते. शिक्षण हक्क कायद्याचं संरक्षणही १४ वर्षांपर्यंतच. नववी शेजारच्या गावी. एसटी मुलींना मोफत आहे, पण शाळा सुटल्यावर दीड तासाने येणारी गाडी कोणत्या आईला पटेल? गाडीची वेळ आगाराशी बोलून बदलता येते. हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, आणि कोयता म्हणजे जोडपं. लग्न लावलं की कोयता वाढतो, शिवाय वयात आलेली मुलगी गावात एकटी ठेवायची भीतीही मिटते. अशा घराला कायदा वाचून दाखवून भागत नाही. हंगामी वसतिगृह टोळ्या निघण्याआधी उघडावं आणि नववी-दहावीच्या मुलींनाही तिथे जागा द्यावी. ‘लेक लाडकी’ योजना १ एप्रिल २०२३ पासून जन्मलेल्या मुलींसाठी आहे. आज चौदा वर्षांच्या असलेल्या मुलीला तिचा उपयोग नाही.

काय करावं

सहावीपासून पुढची मुलगी सलग ७ दिवस गैरहजर राहिली, तर आठव्या दिवशी मुख्याध्यापकांनी ग्रामसेवकाला लेखी कळवावं आणि अंगणवाडी सेविकेने घरी जावं. शाळा सोडल्याचा दाखला अडवू नये, पण पुढची शाळा लिहून घ्यावी आणि १५ दिवसांत तिथे फोन करून प्रवेश झाल्याची खात्री करावी. ‘मामाच्या गावी शिकेल’ एवढ्यावर नोंद बंद करू नये. वयासाठी जन्मनोंद किंवा शाळेचा निर्गम उतारा पाहावा, नुसतं आधार नव्हे.

पालकांकडून हमीपत्र घेऊन परतणं ही नेहमीची चूक आहे. आठवड्याभरात तेच लग्न दुसऱ्या तालुक्यात किंवा सीमेपलीकडे गुजरातेत लागतं. बालविवाह प्रतिबंध अधिनियम, २००६ च्या कलम १३ खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडून मनाई हुकूम घ्या. तो मोडून लावलेलं लग्न कलम १४ नुसार मुळातच रद्द ठरतं. अक्षय्य तृतीयेसारख्या दिवशी होणारे सामूहिक बालविवाह रोखण्यासाठी हाच कायदा जिल्हादंडाधिकाऱ्यांना प्रतिबंध अधिकारी मानतो. म्हणजे आखाजीची जबाबदारी थेट त्यांची आहे. त्यांचा आदेश किमान तीन आठवडे आधी, सुपाऱ्या फुटण्याच्या काळातच, गावात वाचला जावा.

लग्न होऊन गेलेल्या मुलीचं नाव पटावरून काढू नका. तिला वर्गात बसायचं असेल तर बसू द्या. जमत नसेल तर दहावीसाठी १७ नंबरचा अर्ज शाळेनेच भरून घ्यावा. सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांत तिला लग्न रद्द करून मागता येतं, हेही तिला सासरच्यांच्या माघारी सांगितलं पाहिजे.

पहिला आढावा जूनमध्ये घ्यावा: आठवी संपलेल्या प्रत्येक मुलीचं नाव, आणि समोर नववीच्या शाळेचं नाव. जिथे रकाना रिकामा असेल, त्या घरी त्याच आठवड्यात जावं.