विषय : कथासंग्रहाच्या कराराबाबत

मिरज, १२ ऑगस्ट

आदरणीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपण पाठवलेला कराराचा मसुदा मिळाला. पहिलंच पुस्तक आणि आपल्याकडून होकार, त्यामुळे घरी पेढेही वाटून झाले होते. तरीही या अटींवर मला सही करता येणार नाही, हे आधीच सांगून टाकते.

तीस वर्षं वॉर्डात औषधांचे डोस मोजण्यात गेली. आकडा दिसला की हात आपोआप पेनकडे जातो. मसुद्याप्रमाणे पहिल्या ५०० प्रतींवर मानधन नाही. पुढे ५ टक्के, तेही छापील किमतीवर नाही, तर विक्रेत्यांचं कमिशन वजा जाता उरणाऱ्या रकमेवर. किंमत ३०० रुपये आणि कमिशन ४० टक्के धरलं, तर उरतात १८०. म्हणजे प्रतीमागे मला ९ रुपये. शिवाय १०० प्रती मी २५ टक्के सवलतीत घ्यायच्या, त्याचे २२,५०० रुपये आधी भरायचे. ते ९-९ रुपयांनी भरून निघायला पहिल्या ५०० नंतर आणखी २,५०० प्रती खपायला हव्यात. नव्या लेखिकेचा कथासंग्रह किती खपतो, हे आपण माझ्यापेक्षा जास्त जाणता!

दुसरी अडचण हक्कांची. ई-बुक, ऑडिओ, अनुवाद सगळे हक्क आपल्याकडे, आणि मुदत 'कायमस्वरूपी'. करारात मुदत लिहिलीच नसेल, तर १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार ती पाच वर्षं धरली जाते. मीही फोनवर पाचच वर्षं मागितली होती. मानधनाचं म्हणाल, तर पहिल्या प्रतीपासून छापील किमतीवर १० टक्के मागून मी ८ वर यायला तयार होते. कागद-छपाईचे भाव मलाही कळतात. पण "नवोदितांना हेच असतं" यावर बोलणं थांबलं.

मात्र एक गोष्ट मनापासून लिहायची आहे. रात्रपाळीच्या कथेचा शेवटचा परिच्छेद काढा, असं आपण सुचवलंत तेव्हा मला राग आला होता. दोन दिवसांनी तो काढून पाहिला. म्हातारी रिकाम्या खाटेवरची चादर ओढून सरळ करते, तिथेच कथा संपली होती. पुढचं सगळं मीच उगाच समजावत बसले होते. असं वाचणारा संपादक मला पुढेही हवा आहे.

वॉर्डातल्या आठवणींवर दुसरं लेखन सुरू आहे. दिवाळीनंतर पहिली चार प्रकरणं तयार होतील. आपली हरकत नसेल तर ती सर्वांत आधी आपल्याकडेच पाठवीन. त्या वेळी करार पहिल्या पानापासून नव्याने बोलू. या संग्रहाच्या अटी बदलणं शक्य झालं, तरी जरूर कळवा. महिनाभर मी तो इतरत्र देणार नाही.

आपल्या पेन्सिलीच्या खुणा असलेली प्रत तेवढी परत पाठवाल का? टपालखर्च मी देईन.

आपली,
सुनंदा