थोडक्यात टळलेला अपघात: नायट्रिक ॲसिड ऑरगॅनिक वेस्टच्या बाटलीत (सुधारित अहवाल)

मंगळवारच्या घटनेचा पहिला अहवाल त्याच संध्याकाळी लिहिला गेला. तो पूर्ण असा होता: "दुपारी एका विद्यार्थ्याने निष्काळजीपणे ॲसिड चुकीच्या बाटलीत ओतले. धूर झाला. वरिष्ठ संशोधिकेच्या प्रसंगावधानाने मोठा अनर्थ टळला. विद्यार्थ्यास समज देण्यात आली आहे."

या चार वाक्यांत खोटे काही नाही, पण ती वाचून पुढच्या मंगळवारी तीच बाटली त्याच जागी ठेवायला कुणाचीही हरकत राहणार नाही. म्हणून सुरक्षा प्रभारी या नात्याने मी दोघांशी वेगवेगळे बोललो, स्टोअरचे रजिस्टर आणि वेस्टची वही पाहिली, बाटली जागेवर असताना फोटो घेतले आणि अहवाल नव्याने लिहिला. 'निष्काळजीपणे' आणि 'प्रसंगावधान' हे दोन्ही शब्द काढले आहेत. त्यांच्या जागी प्रत्यक्षात काय केले गेले, ते दिले आहे. पहिला अहवाल फाइलमधून काढलेला नाही, याच्या मागे जोडला आहे.

घटनाक्रम

सुरुवात मंगळवारी नाही, आधीच्या शुक्रवारी झाली. फ्यूम हूड क्रमांक 3 मधली नायट्रिक ॲसिड वेस्टची बाटली त्या दिवशी खांद्यापर्यंत भरली. वापरणाऱ्याने वहीत "भरली, बदलावी" अशी नोंद केली. ही वही स्टोअरकडून आठवड्यातून एकदा, गुरुवारी पाहिली जाते. स्टोअरच्या रजिस्टरमध्ये सोमवारी रिकाम्या बाटल्यांचा शिल्लक आकडा शून्य आहे.

मंगळवारी सकाळी विद्यार्थ्याने हूड 3 मध्ये धातूच्या सहा नमुन्यांचे पाचन तीव्र नायट्रिक ॲसिडमध्ये केले. काम 12:50 च्या सुमारास संपले. नमुने थंड झाल्यावर बीकरमध्ये अंदाजे 180 मिलिलिटर ॲसिड उरले. हूड 3 मधल्या बाटलीत जागा नव्हती.

1:30 च्या आसपास त्याने पलीकडच्या टेबलावर काम करणाऱ्या वरिष्ठ संशोधिकेला विचारले, "मॅडम, वेस्टची बाटली कुठे आहे?" त्यांनी मान वर न करता उत्तर दिले, "दोन नंबरच्या हूडमध्ये." कोणते वेस्ट, हे त्याने सांगितले नाही आणि त्यांनी विचारले नाही. हा संवाद दोघांनीही मला स्वतंत्रपणे, जवळपास याच शब्दांत सांगितला.

हूड 2 मध्ये एकच बाटली होती: अडीच लिटरची, तपकिरी काचेची. वहीतल्या नोंदींनुसार तिच्यात आठ दिवसांत जमा झालेले सुमारे 1.1 लिटर ॲसिटोन, इथेनॉल आणि आयसोप्रोपॅनॉल होते. विद्यार्थ्याने बीकरमधले ॲसिड 1:35 च्या सुमारास तिच्यात ओतले, झाकण लावले आणि बीकर धुवायला तो सिंककडे गेला. ओतताना वेगळे काही जाणवले नाही, असे तो सांगतो. रसायनशास्त्राशी हे जुळते. अल्कोहोलशी नायट्रिक ॲसिडची अभिक्रिया बहुतेकदा लगेच दिसत नाही. तयार होणारे नायट्रोजनचे ऑक्साइड तिला आणखी वेग देतात, त्यामुळे बाटली काही मिनिटे शांत राहते आणि मग एकदम तापते.

1:48 च्या सुमारास संशोधिकेला फुसफुस ऐकू आली. झाकणाभोवती तपकिरी वायू दिसत होता. विद्यार्थी हूडजवळ गेला आणि झाकण सैल करण्यासाठी त्याने हात आत घातला. संशोधिका म्हणाल्या, "हात लावू नकोस, बाहेर हो." त्याने हात काढला. बाटलीला स्पर्श झाला नव्हता. सुमारे 30 सेंटिमीटर उघडी असलेली हूडची काच संशोधिकेने पूर्ण खाली घेतली, पंखा चालूच ठेवला. खोलीतले चारही जण बाहेर आले. सुरक्षा विभागाला केलेल्या फोनची नोंद 1:52 ची आहे. ही वेळ यंत्रावरची आहे, त्याआधीच्या 12:50 पासूनच्या सर्व वेळा आठवणीवरून घेतल्या आहेत. खोली बंद करून दारावर सूचना लावली.

दाराच्या काचेतून पाहता 2:20 पर्यंत वायू दाट होता, 3:40 ला दिसेनासा झाला. तरीही त्या दिवशी कुणी आत गेले नाही. बुधवारी सकाळी 10 वाजता दुरून मोजलेले बाटलीचे तापमान खोलीइतकेच होते. खालच्या ट्रेमध्ये थोडा द्रव सांडला होता. बाटली आहे त्या स्थितीत वेस्ट उचलणाऱ्या प्रशिक्षित पथकाकडे दिली.

कुणालाही इजा झाली नाही. नायट्रोजन डायऑक्साइडचा फुप्फुसांवरचा परिणाम काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही दिसू शकतो. म्हणून "बरे वाटते आहे" एवढ्यावर न थांबता चौघांनाही त्याच दुपारी डॉक्टरकडे पाठवले. रात्री खोकला किंवा धाप लागल्यास काय करायचे, हे लिहून दिले. दोन दिवसांनंतर चौघांचीही काही तक्रार नाही.

बाटलीवर काय वाचता येत होते

यावर थोडे अधिक लिहितो, कारण पहिल्या अहवालातला 'चुकीची बाटली' हा शब्द इथे अपुरा पडतो.

हूड 2 मधली बाटली मूळची नायट्रिक ॲसिडचीच होती. रिकामी झाल्यावर तीनदा पाण्याने धुऊन ती ऑरगॅनिक वेस्टसाठी घेतली होती. कंपनीचे छापील लेबल काढलेले नव्हते. त्यावर 'नायट्रिक ॲसिड' हे नाव आणि ऑक्सिडायझरचे चिन्ह स्पष्ट होते. दुसऱ्या बाजूला मार्करने 'ऑरगॅनिक वेस्ट' लिहिले होते. नरसाळ्यातून ओघळलेल्या ॲसिटोनने मार्करची शाई विरघळली होती. फोटोत 'वेस्ट' हा शब्द वाचता येतो. त्याच्या आधी निळसर डाग आहे आणि त्यात एका मात्रेसारखे काहीतरी दिसते. बाटलीची छापील बाजू हूडच्या काचेकडे होती.

म्हणजे हातात नायट्रिक ॲसिड घेऊन उभ्या असलेल्या माणसाला समोर 'नायट्रिक ॲसिड' असे लिहिलेली, वेस्ट म्हणून दाखवलेली बाटली दिसली. त्याने ओतण्यापूर्वी वही पाहिली नाही, ही गोष्ट नोंदवायलाच हवी आणि ती इथे नोंदवली आहे. पण वही हूड 3 च्या बाजूला टांगलेली असते, हेही तितकेच खरे आहे.

इतर कारणीभूत परिस्थिती

बाटली भरल्याची नोंद झाली, पण ती वाचणारे कुणी पुढचे सहा दिवस नव्हते. रिकाम्या बाटल्या किती उरल्यावर मागवायच्या, याची मर्यादा ठरलेली नाही. नवीन वापरकर्त्याच्या प्रशिक्षणात विसंगत रसायनांचा तक्ता दाखवला जातो, मात्र 'बाटली भरलेली असेल तर काय करायचे' हा प्रश्न त्यात येत नाही. दुपारच्या जेवणाच्या वेळी प्रयोगशाळा सहायक जागेवर नसतात आणि त्यांच्या जागी कुणाला विचारायचे, हे ठरलेले नाही. आमच्याकडे सगळ्याच टाकाऊ द्रवांना 'वेस्ट' म्हणायची सवय आहे. मीही तसेच म्हणत आलो आहे.

गळालेला वायू दिसल्यावर झाकण उघडावेसे वाटणे स्वाभाविक आहे. त्यासाठीची सूचना कुठेही लावलेली नव्हती. संशोधिकेने थांबवले ते त्यांच्या आधीच्या अनुभवावरून. तो अनुभव त्या दिवशी खोलीत होता, दुसऱ्या दिवशी असेलच असे नाही.

बाटली का फुटली नाही

पहिल्या अहवालात हा भागच नव्हता. बाटली फुटली नाही, कारण झाकण नीट बसत नव्हते. आतली सीलची चकती निघालेली होती आणि वरच्या आट्यांवर सुकलेल्या द्रावणाची पापडी होती, त्यामुळे झाकण तिरके बसले. दाब त्या फटीतून बाहेर पडत राहिला. झडपेचे झाकण आमच्याकडे कुठल्याच वेस्ट बाटलीला नव्हते. एरवी हेच झाकण 'खराब' म्हणून बदलायला हवे होते, आणि चांगले झाकण असते तर 1:48 ला हूडमध्ये हात घातलेल्या माणसासमोर बंद काचेची, दाबाखालची बाटली असती. काच उतरवणे आणि बाहेर पडणे योग्यच होते, पण ते झाले तेव्हा दाब आधीच मोकळा होत होता. म्हणून या घटनेत आम्ही आखलेला एकही अडसर उपयोगी पडला, असे मी लिहू शकत नाही. अपवाद फक्त चालू असलेल्या हूडचा.

झालेली आणि ठरलेली कामे

बुधवारी सगळ्या हूडमधल्या बाटल्या तपासल्या. जुने छापील लेबल असलेल्या आणखी तीन वेस्ट बाटल्या सापडल्या. त्या त्याच दिवशी वापरातून काढल्या. ॲसिडच्या रिकाम्या बाटल्या आता ऑरगॅनिक वेस्टसाठी अजिबात वापरायच्या नाहीत, मग त्या कितीही धुतलेल्या असोत.

झडपेची झाकणे मागवली आहेत. ती येईपर्यंत नायट्रिक ॲसिडचे काम नवीन वेस्ट तयार होणार नाही एवढ्या प्रमाणातच होईल. त्याची परवानगी प्रयोगशाळा प्रमुख देतील. विद्यार्थ्याच्या पर्यवेक्षकांनी सुचवल्याप्रमाणे नमुन्यामागे लागणारे ॲसिड कमी करता येते का, याची चाचणीही सुरू आहे. उरणारे ॲसिडच कमी झाले, तर पुढचे बरेच प्रश्न उरत नाहीत, म्हणून मला हे काम सर्वांत महत्त्वाचे वाटते.

ॲसिडचे वेस्ट हूड 3 मध्ये पिवळ्या ट्रेत आणि ऑरगॅनिक वेस्ट हूड 2 मध्ये लाल ट्रेत राहील. छापील लेबल चारही बाजूंनी वाचता येईल असे आणि पारदर्शक पट्टीखाली असेल, मार्करने लिहिलेले चालणार नाही. प्रत्येक बाटलीची नोंद तिच्याच हूडवर टांगली जाईल. जबाबदारी प्रयोगशाळा सहायकांची, मुदत येत्या सोमवारची.

बाटली तीन चतुर्थांश भरताच ती बंद समजायची. स्टोअर रोज सकाळी नोंद पाहील आणि प्रत्येक प्रकारच्या किमान दोन रिकाम्या बाटल्या शिल्लक ठेवील. बाटली नसेल तर काम थांबवायचे आणि उरलेले ॲसिड झाकलेल्या बीकरमध्ये, नाव लिहून, त्याच हूडमध्ये ठेवायचे. ते ठेवले म्हणून कुणालाही बोल लावला जाणार नाही. हे वाक्य प्रमुखांच्या सहीने सूचनेत घातले आहे.

हूडवर सूचना लागली आहे: "बाटली तापली, फुसफुसली किंवा तपकिरी वायू दिसला, तर झाकणाला हात लावू नका. काच खाली. पंखा चालू. सगळे बाहेर. मग फोन." तिचा सराव महिनाभरात प्रत्येक गट एकदा करेल, पाण्याच्या बाटलीवर.

'समज देण्यात आली' ही नोंद विद्यार्थ्याच्या वैयक्तिक फाइलमधून काढावी, अशी शिफारस मी केली आहे. प्रमुखांनी ती मान्य केली.

हा मसुदा दोघांनी सही करण्यापूर्वी वाचला. संशोधिकेने एक दुरुस्ती सुचवली: "मान वर न करता" हे शब्द माझ्या पहिल्या मसुद्यात नव्हते, ते त्यांनीच घालायला सांगितले. विद्यार्थ्याने हात आत घातल्याची वेळ दोन मिनिटांनी पुढची असू शकते, असे सांगितले. फोनच्या नोंदीशी ती जुळत नसल्याने वेळ बदललेली नाही, पण त्याचे म्हणणे इथे नोंदवले आहे.